कुणाचा रं तू?

श्रावणातला सोमवार होता. हरिपूरच्या संगमेश्वराचं दर्शन घेऊन बाहेर आलो आणि पावसानं भिजलेल्या चपलांच्या ढिगात माझी जोडी शोधत होतो. पायरीवर एक म्हातारी बसली होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, मांडीवर बेलाच्या पानांची परडी, डोळ्यांत मोतीबिंदूचं धुकं. माझ्याकडं बराच वेळ बघून तिनं विचारलं, "कुणाचा रं तू?" मी हसून म्हणालो, "आजी, मी हळदीच्या लॅबचं काम बघतो. कुपवाडला. सांगलीत असतो." तिनं ऐकून घेतलं. भाव विचारल्यावर दुकानदारानं हवेबद्दल बोलावं आणि गिऱ्हाइकानं ते सोसावं, तसं. मग म्हणाली, "ते असंल. पर कुणाचा?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, घाटाकडच्या पेववाल्यांचा थोरला म्हणालो. झालं. तिचा चेहरा उजळला, आणि माझ्या आजीच्या हातच्या सांडग्यांपासून माझ्या आत्याच्या लग्नात पाऊस कसा आला इथपर्यंत ती वीस मिनिटं बोलत राहिली. मी काय करतो हे तिनं पुन्हा विचारलं नाही.

एरवी मी हे विसरून गेलो असतो. पण चारच दिवस आधी पुण्यात नेमकं उलटं घडलं होतं. एका मसाला कंपनीत बैठक होती, लांबलचक टेबलाभोवती दहा-बारा माणसं, एसीचा गारवा आणि काचेच्या भांड्यात कुणीच न खाल्लेले बदाम. "सर, थोडी ओळख करून द्या," असं म्हटल्यावर मी सुरू झालो. मूळचा हरिपूरचा, वडील हळद साठवायच्या पेवांच्या धंद्यात, 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, त्याच्याही आधी मी रसायनशास्त्र घेऊन शिकलो होतो, मग अमुक कारखाना, मग तमुक. मला वाटत होतं मी रंगतदार बोलतोय. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं, घड्याळाकडं चोरून नाही, सरळ बघितलं आणि अतिशय सौम्यपणे विचारलं, "आणि सध्या तुम्ही नेमकं काय बघता?"

एका आठवड्यात दोन ठिकाणी ओळख दिली, आणि दोन्हीकडं चुकीच्या टोकानं दिली.

हरिपूरहून परत येताना एसटीत हेच डोक्यात घोळत होतं. मराठीत 'ओळख' हा शब्दच जरा फसवा आहे. आपण ओळख 'देतो', पण त्याहून जास्त वेळा ती 'काढतो'. स्वारगेटला बसलेली दोन अनोळखी माणसं शिरवळ यायच्या आत एकमेकांचं गाव, आडनाव, मामाचं गाव विचारतात आणि कराडपर्यंत 'ओळख निघते'. कुणाच्या तरी चुलत्याच्या मेव्हण्याशी दोघांचाही संबंध असतो. ही ओळख म्हणजे धागा. त्यात काळ मागून पुढं येतो: आधी घराणं, मग गाव, मग शिक्षण, आणि नोकरी सगळ्यात शेवटी, तीही विचारली तर. पुण्याच्या त्या बाईंनी 'ओळख' म्हटलं खरं, पण त्यांच्या मनात 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' होतं. त्या प्रश्नाला धागा नको असतो. या माणसाकडून आज मला काय मिळणार, एवढंच त्यात असतं. शब्द एकच, आणि मी त्याला हरिपुरी अर्थानं उत्तर दिलं.

माझे वडील पेवाचं काम बघायचे. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, जमिनीत खोल खणलेला रांजणासारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, त्यात हळदीची हळकुंडं साठवायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर आत हवा कोंडलेली आहे, थांबायचं. लहानपणी मला त्या विझणाऱ्या कंदिलाची भीती वाटायची आणि आकर्षणही. पेवाचा आणखी एक गुण म्हणजे शेवटी टाकलेला माल पहिल्यांदा वर येतो. तळाचा माल हवा असला तरी वरचा काढल्याशिवाय हात पोचत नाही. पुण्यात मी थेट तळात उतरायला निघालो होतो आणि वरच्या थरावर बसलेली माणसं वाट बघत होती.

गंमत म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही मी बसलेलो आहे. लॅबसाठी मुलं निवडायची असतात तेव्हा कारखाने मला बोलावतात. एका दिवसात नऊ-दहा मुलं येतात. त्यातली सात-आठ एकाच चालीत सुरू होतात: माझं नाव अमुक, मी अमुक गावचा, वडील शेती करतात, आई गृहिणी, दहावीला इतके टक्के, बारावीला इतके. चौथ्या मुलापर्यंत माझं लक्ष पंख्याकडं गेलेलं असतं. मुलं वाईट नसतात. अडचण अशी असते की ते जे सांगतात त्यातलं काय धरून ठेवायचं हे मला कळत नाही. दहावीचे टक्के महत्त्वाचे आहेत का? वडिलांची शेती पुढं कामाला येणार आहे का? गोष्ट सुरुवातीपासून सांगितली की प्रत्येक टप्पा सारख्याच वजनाचा वाटतो, आणि कुठला टप्पा कशाला होता हे शेवटचं वाक्य ऐकल्यावरच समजतं. तोवर ऐकणारा सगळं ओझं हातात घेऊन उभा. आधी 'सध्या' सांगितलं की मागचं सगळं त्या एका खुंटीला टांगता येतं.

हे कळत असूनही मी स्वतः पुण्यात तेच केलं, याचा राग जास्त होता.

मिरजेला वडिलांना एका डॉक्टरांकडं नेलं होतं तेव्हाचा प्रसंग आठवला. "काय होतंय?" म्हटल्यावर वडिलांनी 1998 साली पाय मुरगळला तिथून सुरुवात केली. डॉक्टरांनी हात वर केला आणि म्हणाले, "आज काय होतंय ते एका वाक्यात सांगा." "गुडघा रात्री ठणकतो." "कधीपासून?" "दिवाळीपासून." "मग दिवाळीपासून आजपर्यंत क्रमानं सांगा. आणि मग तो मुरगळलेला पाय." मला तेव्हा ते तुटक वाटलं होतं. आता वाटतं की त्या तीन वाक्यांत सगळी युक्ती आहे. पहिलं आजचं, पण मागचं सांगताना ते मागून पुढंच. 'सध्या, याआधी, यापुढे' हा क्रम धरणारी पुष्कळ मुलं इथंच घसरतात. ती 'याआधी' सांगताना उलट्या पायांनी चालायला लागतात: आत्ताची नोकरी, तिच्याआधीची, त्याच्याही आधीची, मग कॉलेज, मग शाळा. बायोडाटा कागदावर तसा लिहितात म्हणून. कागदावर डोळा वर-खाली उड्या मारू शकतो, कानाला तसं जमत नाही. तोंडानं सांगताना मागं एकदाच उडी मारायची आणि तिथून चालत चालत आजपर्यंत परत यायचं.

याच काळात धाकटी भाची घरी आली. तिला पुण्याच्या एका निर्यात करणाऱ्या मसाला कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. गुणवत्ता तपासणीची जागा. तिनं ओळख पाठ केली होती. मी म्हटलं, मोबाईलवर रेकॉर्ड कर, मग ऐकू. भरली दोन मिनिटं चाळीस सेकंद. जन्म, शाळा, स्कॉलरशिप, कॉलेज, एका वर्षाची फट, आणि मग नोकरी. 'लॅब' हा शब्द पहिल्यांदा आला तो एक मिनिट पंचावन्नाव्या सेकंदाला. तिची मामी भाजी निवडत होती, ती न वळता म्हणाली, "अगं, मला वाटलं तू अजून कॉलेजातच आहेस."

मग आम्ही क्रम फिरवला, तर दुसरीच चूक झाली. 'सध्या'चा भाग फुगला. ओलावा मोजायचं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, रजिस्टरं, कुठला फॉर्म कुठं भरतात, असं पन्नास सेकंद चाललं आणि ती माणूस कमी, माहितीपत्रक जास्त वाटायला लागली. मी विचारलं, "हे सगळं तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनंही सांगितलं असतं ना?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "ती ओल्या गाडीची गोष्ट सांगू?" ती गोष्ट मला माहीत नव्हती. एक गाडी आली होती, वरची पोती खणखणीत. हळकुंड मोडलं की टण्‌कन आवाज यावा, तसा येत होता. खरेदीवाले माल उतरवायच्या तयारीत होते. हिनं तळाच्या पोत्यातलं एक हळकुंड काढलं आणि ते मोडलंच नाही, नुसतं वाकलं. आतून ओलं. त्यानंतर तिच्या सांगण्यावरून नमुना काढायची पद्धत बदलली. एवढी गोष्ट असून पोरीनं ती पाठांतरातून गाळली होती, कारण शाळेपासून सुरुवात केल्यावर तिच्यापर्यंत पोचायला वेळच उरत नव्हता.

दोन संध्याकाळी बसून जे तयार झालं ते असं. "मी सध्या कुपवाडच्या एका मसाला कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. येणाऱ्या हळदीच्या प्रत्येक गाडीचा नमुना काढायचा, ओलावा आणि कुरकुमीन तपासायचं आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा हे खरेदी विभागाला कळवायचं, हे माझं काम. गेल्या हंगामात एका गाडीतली वरची पोती कोरडी आणि तळाची ओली निघाली. तेव्हापासून आम्ही नमुना वरून, मधून आणि तळातून असा तीन ठिकाणांहून काढतो. ते मी सुचवलं होतं. त्याआधी मी सांगलीतच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. पदवीनंतर एक वर्ष आजी अंथरुणाला होती म्हणून मी घरी होते. त्याच वर्षी मामाबरोबर मार्केट यार्डात सौदे बघायला जायला लागले. हळकुंड हातात घेऊन माल ओळखणारी माणसं तिथं बघितली आणि ते जे हातानं ओळखतात ते मोजतात कसं, हे शिकायला म्हणून या लॅबमध्ये आले. आता मला निर्यातीच्या मालाचं काम शिकायचं आहे. परदेशी गिऱ्हाईक शिसं आणि कीटकनाशकांचे अंश तपासून मागतात. आमच्याकडे ते नमुने बाहेर पाठवावे लागतात, तुमच्याकडे ती तपासणी आतच होते, म्हणून मी इथे अर्ज केला." सावकाश बोलून सव्वा मिनिट. जवळजवळ अर्धा वेळ आजचा, त्याहून थोडा कमी कालचा, आणि उद्याला दोन-तीन वाक्यं.

त्या फटीच्या वर्षावरून आमचं वाजलं. तिचं म्हणणं, "मामा, क्रम फिरवलाच आहे तर ते वर्ष गाळूनच टाकू ना. कुणाला कळतंय?" मी म्हटलं, अर्जावर तारखा आहेत आणि समोरचा अर्ज हातात घेऊनच बसलेला असतो. गाळलं की तो तिथंच बोट ठेवणार. सुरुवातीपासून सांगताना ते वर्ष गोष्टीच्या मधोमध भोकासारखं दिसत होतं, कारण आधीची प्रत्येक पायरी वर चढणारी आणि हीच एक सपाट. आता मात्र तिची नोकरी ऐकणाऱ्याला आधीच माहीत झालेली असते. त्यामुळं ते वर्ष भोक न राहता वाटेतलं एक वळण होतं, एका वाक्याचं. क्रम बदलल्यानं लपवता काहीच येत नाही, पण कुठल्या गोष्टीवर ऐकणारा किती वेळ रेंगाळणार हे थोडंफार आपल्या हातात येतं. ती म्हणाली, "आजीचं सांगताना रडू आलं तर?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिच्या आजीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि ती आजी म्हणजे माझी आई.

आणखी एक बारीक गोष्ट रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आली. आपल्या भाषेत काळ क्रियापदाच्या शेपटाला असतो. 'करते', 'करायचे', 'करत होते'. बोलण्याच्या भरात शेपूट गिळलं जातं, फोनवर तर हमखास. मामीला ती अजून कॉलेजात आहे असं वाटलं त्याचं एक कारण हेही होतं. सरळ क्रमानं बोलताना हे चालून जातं, कारण काळ आपोआप पुढं सरकत असतो. पण आजपासून मागं आणि मग पुढं अशी उडी मारायची असेल तर वाक्याच्या तोंडाशीच खूण लागते. 'सध्या', 'त्याआधी', 'आता'. हे तीन शब्द भाची इतक्या ठासून म्हणायला लागली की मामीनं चहाच्या वेळी तिला विचारलं, "सध्या साखर किती?"

'उद्या'बद्दल माझं मत जरा कडक आहे. मुलाखतीला आलेली मुलं सांगतात, पाच वर्षांत मॅनेजर व्हायचंय. ते त्याचं स्वप्न झालं, माझ्या टेबलाशी त्याचा काय संबंध? समोरच्याच्या दारातून जाणारा उद्या सांगायचा असतो, नाहीतर तो भाग सोडून दिला तरी काही बिघडत नाही. आणि गावात तर उद्या उच्चारायचाच नसतो. संगमेश्वराच्या पायरीवर मी त्या आजीला म्हटलं असतं, "पुढच्या वर्षी स्वतःची लॅब टाकणार आहे," तर तिनं आधी माझी दृष्ट काढली असती आणि मग गावभर सांगितलं असतं की पेववाल्याचं पोरगं फार चढलंय.

सगळीकडं आजच आधी सांगावा असं मात्र मला म्हणवत नाही. माझ्या मेव्हण्याचं उदाहरण घ्या. सतरा वर्षं फौजेत काढून तो परत आला आणि तासगावजवळ बेदाण्याचं शेड टाकलं. कर्जासाठी बँकेत गेला तेव्हा भरतीच्या दिवसापासून सुरू झाला. कोल्हापूरची भरती, धावण्यात दुसरा आला ते, मग ट्रेनिंग, मग पोस्टिंग. साहेबांनी मान डोलवत ऐकलं आणि शेवटी विचारलं, "शेडमध्ये रॅक किती आहेत?" दुसऱ्या खेपेला तो शेडपासूनच सुरू झाला: रॅक इतके, एका वेळी माल इतका, वाळायला साधारण पंधरा दिवस, मागच्या हंगामात विकला इतका. आणि मग, पेन्शन दर महिन्याला येते, ती फौजेतली. सतरा वर्षं एका वाक्यात बसली, पण बँकेला हवी होती तेवढी बसली.

पण त्याच मेव्हण्याला द्राक्षवाल्यांच्या एका बैठकीत बोलायला उभं केलं तेव्हा तो शेडपासून सुरू झाला आणि पडला. समोर बसलेल्यांकडं त्याच्यापेक्षा मोठी शेडं होती. रॅकचे आकडे ऐकून कुणाला काय कळणार होतं? त्यांच्या मनातला प्रश्न वेगळाच होता: हा फौजी गडी आपल्यात आला कसा आणि टिकणार का? आजचं आणि कालचं यांचा सांधा जुळत नसला आणि ऐकणाऱ्याला तो सांधाच बघायचा असला, की सरळ क्रमाला पर्याय नसतो. त्यानं भरतीपासून सांगायला हवं होतं. रजेवर आला की बापाच्या बागेत कसा राबायचा, एका वर्षी अवकाळीनं घड कसे तडकले, मणी विकायला नेले तर कुणी घेईना, तेव्हा बेदाण्याचं डोक्यात कसं आलं. चहाच्या वेळी त्यानं खासगीत हेच सांगितलं तेव्हा पाच-सहाजण त्याच्याभोवती गोळा झाले. फौजेतून बागेत येणं हे 'सध्या, याआधी'मध्ये कोडं वाटतं, आणि सुरुवातीपासून सांगितलं तर गोष्ट होते.

नुकतंच शिक्षण संपलेल्या पोरांचंही असंच होतं. त्यांना 'सध्या' म्हणून सांगायला काही नसतं. "सध्या मी नोकरी शोधतोय" हे पहिलं वाक्य ऐकलं की माझ्याच पोटात कालवतं. शेवटच्या वर्षाचा एखादा प्रकल्प हातानं केलेला असेल तर तोच त्याचा आज. तेही नसेल तर सरळ क्रमानं, पण कॉलेजापासून. दहावीच्या टक्क्यांपासून नाही.

मुलाखतीच्या दिवशी भाचीनं दुपारी फोन केला. मी विचारलं, "ओळख सांगितल्यावर पहिला प्रश्न काय आला?" तिला हे विचित्र वाटलं, तिला पगाराचं सांगायचं होतं. पण मला तोच ऐकायचा होता. ऐकणाऱ्याच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं काय चुकलं ते. "मग सध्या काय करता?" आला तर आपण फार मागून सुरुवात केली. "पण तुम्ही इकडे कसे वळलात?" असं जरा संशयानं आलं, तर आजचं सांगितलं पण सांधा राहिला. "गाव कुठलं?" आलं तर समजायचं, या माणसाला धागा हवा होता. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं, तीन ठिकाणांहून म्हणजे पोत्यात तीन की गाडीत तीन?" मी फोनवरच मोठ्यानं हसलो. प्रश्न तिच्याच गोष्टीच्या आतून आला होता. पुढं अर्धा तास ते सगळे हळदीवरच बोलत होते म्हणे. त्यातल्या एकानं जाता जाता विचारलं, "सांगलीत कुठे?" त्याची बहीण विश्रामबागला दिलेली निघाली. दुसऱ्या फेरीला बोलावलंय.

नंतर तिच्या शाळेनं तिला नववीच्या मुलींशी बोलायला बोलावलं. ती तोच सव्वा मिनिटाचा तुकडा घेऊन गेली. कुरकुमीनपाशी मुलींनी एकमेकींच्या वेण्यांशी खेळायला सुरुवात केली. ती थांबली, आणि तिच्याच शब्दांत, "सगळं पुसलं आणि पहिल्यापासून लिहिलं." म्हणाली, "मी याच वर्गात खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचे. मला रसायनशास्त्र अजिबात आवडायचं नाही. एकदा मी घरी कुंकू करायचं म्हणून हळदीत चुना कालवला आणि ती लाल झाली..." वेण्या सुटल्या. त्या मुलींना तिचा आज माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्या जिथं बसल्या होत्या तिथून निघालेली वाट त्यांना दिसायला हवी होती, आणि ती वाट बाकापासूनच सुरू होते. शेवटी एकीनं विचारलं, "ताई, चुन्यानं लाल का होते?" हिनं ते सांगितलं, आणि मग कुठं लॅब आली.

परवा पुन्हा हरिपूरला गेलो होतो. पाऊस उघडला होता, संगमावर कृष्णेचं पाणी गढूळ आणि वारणेचं त्याहून थोडं वेगळ्या रंगाचं, दोन्ही काही अंतर शेजारी शेजारी वाहत होती. म्हातारी तिथंच होती, परडी तीच. माझ्याबरोबर भाची होती. आजीनं तिच्याकडं मान वळवली आणि विचारलं, "कुणाची गं तू?" मी बघत होतो काय म्हणते. भाची वाकली, पायाला हात लावला आणि म्हणाली, "पेववाल्यांच्या थोरल्या मुलीची." माझ्या बहिणीची, म्हणजे. आजी म्हणाली, "आगं बया, तुझी आई न्हवं का त्या पेवात पडता पडता वाचलेली?" भाचीनं चमकून माझ्याकडं बघितलं. ही गोष्ट तिला कुणी कधी सांगितलीच नव्हती. ती पायरीवर आजीशेजारी बसली आणि म्हणाली, "कधी? पहिल्यापासून सांगा."